एप्रिलच्या मातीत दिसणारा जुलै

"इथे पाणी बसतं," काका म्हणाले आणि पुतण्याने खाली पाहिलं. एप्रिलचा तिसरा आठवडा होता. भाताचे सड वाळून पांढरे पडले होते, खाचरातल्या बारीक भेगांत धूळ साठली होती आणि सकाळी दहालाच जमीन तापायला लागली होती. पाणी बसतं म्हणजे किती खोलवर, किती दिवस, हे काकांना सांगता येत नव्हतं. पुतण्याला मात्र नेमकं तेच हवं होतं. त्याला तिथे हापूसची चाळीस कलमं लावायची होती.

जमीन रत्नागिरी जिल्ह्यातली, कोकणात पुष्कळ घरांची असते तशी. वर जांभ्याचा कातळ, त्याखाली उताराची लाल वरकस, मग पायऱ्यांसारखी उतरत गेलेली खाचरं आणि तळाशी पावसाळ्यात वाहणारा पऱ्या. वर खड्डा घ्यायचा तर पहारीशिवाय भागत नाही. खाली फावड्याने हात-दोन हात माती सहज निघते. ती खोल, मऊ माती पाहून कलमं खालीच लावावीत असं कुणालाही वाटेल. पण कलम एकदा रुजलं की पुढची पन्नास वर्षं ते जागा बदलत नाही. पावसाळ्याचे अडीच-तीन महिने त्याची मुळं हवेवाचून राहिली, तर झाड खुरटतं, पानं पिवळी पडतात आणि कारण कळेपर्यंत दहा वर्षं गेलेली असतात.

मातीचे खड्डे घेऊन त्यांची वर्णनं लिहिणं हे माझं काम. "मग पावसाळ्यापर्यंत थांबू का?" असं मला अशा वेळी हमखास विचारलं जातं. थांबता आलं तर चांगलंच. पण जुलैत पाणी कुठवर चढतं, किती टिकतं, याची खूण माती एप्रिलमध्येही दाखवते. ती खूण रंगाची असते: करड्या आणि नारिंगी चट्ट्यांची. मात्र चट्टे आहेत की नाहीत एवढं पाहून भागत नाही. चट्टा ढेकळाच्या आत आहे की त्याच्या अंगावर, छिद्राच्या काठाला आहे की छिद्रापासून दूर, यावर सगळा अर्थ ठरतो.

लोह जातं कुठे, येतं कुठे

मातीचा लाल, तांबूस, पिवळा रंग लोहाचा असतो. मातीचे मूळ कण बहुतेक करडे किंवा फिकट. त्यांच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि आपल्याला दिसतो तो त्या लेपाचा रंग. जमिनीत हवा खेळती असते तोवर हे लोह फेरिक रूपात असतं. त्या रूपात ते पाण्यात विरघळत नाही, जागचं हलत नाही.

पाऊस लागला आणि मातीची सगळी छिद्रं पाण्याने भरली की चित्र पालटतं. ऑक्सिजन हवेतून जेवढ्या सहज पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. म्हणजे वरून नवा ऑक्सिजन येणं जवळजवळ बंदच. जिवाणूंचं जगणं मात्र थांबत नाही. मेलेली मुळं, पालापाचोळा खाता खाता ते उरलासुरला ऑक्सिजन काही दिवसांत संपवतात आणि मग त्याच्या जागी दुसऱ्या गोष्टी वापरायला लागतात. त्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह आणि सगळ्यात शेवटी सल्फेट. लोहाची पाळी आली की फेरिक लोहाचं फेरस लोह होतं. शाळेच्या पुस्तकातलं क्षपण ते हेच. फेरस लोह पाण्यात विरघळतं आणि पाण्याबरोबर सरकतं.

ते जिथून निघून जातं तिथे लेप उतरतो आणि खालचे करडे कण उघडे पडतात. जिथे त्याला पुन्हा हवा भेटते, एखाद्या मुळाच्या पोकळीत किंवा भेगेत, तिथे ते परत फेरिक होतं आणि गंजासारखं चिकटून बसतं. करडा चट्टा म्हणजे इथलं लोह गेलं. नारिंगी चट्टा म्हणजे इथे येऊन साठलं. मँगनीजचंही असंच होतं, फक्त ते साठतं तिथे काळं दिसतं. दर पावसाळ्यात हे थोडं थोडं घडतं आणि वर्षानुवर्षं साचत जातं, म्हणून एप्रिलमध्ये पाण्याचा थेंब नसतानाही ते दिसतं.

यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. माती पाण्याने पूर्ण भरलेली हवी; ते पाणी साचून राहिलेलं हवं; जिवाणूंना खायला सेंद्रिय पदार्थ हवा; आणि माती फार थंड नको. कोकणात चौथीची अडचण कधीच नसते. पण पहिल्या तिघींपैकी एक जरी कमी पडली तर पाणी असूनही चट्टे येत नाहीत. दोन दिवस पूर येऊन ओसरला तर मातीत काहीच उमटत नाही. उतारावर झऱ्याचं पाणी सतत वाहत असेल तर ते येताना ऑक्सिजन घेऊन येतं आणि माती तांबडीच राहते. म्हणून चट्टे नाहीत एवढ्यावरून पाणी नाही असं म्हणू नये.

खड्डा आणि ढेकूळ

आम्ही कातळाच्या खालून पऱ्याच्या दिशेने एका रेषेत तीन खड्डे घेतले. प्रत्येक खड्डा साधारण दीड मीटर लांब, एक मीटर रुंद आणि खडक लागेपर्यंत किंवा दीड मीटरपर्यंत खोल. ज्या भिंतीवर ऊन पडतं ती वाचायची. फावड्याने चोपून गुळगुळीत झालेली भिंत काही सांगत नाही, म्हणून सुरीच्या टोकाने तिचा पापुद्रा काढून टाकायचा.

त्यानंतरचं काम हातात घेऊन करायचं. वरपासून खालपर्यंत दर वीतभरावर एक ढेकूळ काढायचं आणि ते सुरीने न कापता दोन्ही हातांनी हलकेच मोडायचं. कापलं तर आतलं-बाहेरचं एक होऊन जातं. मोडलं तर ते आपल्या नैसर्गिक फटींवर उकलतं आणि त्याचं अंग वेगळं, पोट वेगळं दिसतं. माती कोरडी असेल तर तिच्यावर थोडं पाणी फवारायचं, कारण कोरड्या मातीत सगळेच रंग फिके दिसतात.

रंग ठरवायला मुन्सेलचं रंगपुस्तक असतं. अल्बर्ट मुन्सेल हे अमेरिकेतले चित्रकार आणि कलाशिक्षक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी रंग आकड्यांत सांगायची पद्धत बसवली आणि पुढे ती मातीसाठी जगभर रूढ झाली. त्यातले तीन आकडे अनुक्रमे छटा, उजळपणा आणि रंगाचा जोर सांगतात. या जोराला क्रोमा म्हणतात आणि आपल्याला मुख्य गरज त्याचीच. क्रोमा ६ असलेली माती भडक तांबडी. २ किंवा त्याहून कमी असलेली, आणि काळी नव्हे तर उजळ, म्हणजे करडी. पुस्तक नसेल तरी याच खड्ड्याच्या कोरड्या, तांबूस थरातलं एक ढेकूळ शेजारी धरून फरक पाहता येतो.

शिवाय प्रत्येक थरात चट्ट्यांनी किती जागा व्यापली आहे ते अंदाजाने लिहायचं. शेकडा दोनहून कमी असतील तर थोडे, दोन ते वीस असतील तर मध्यम, त्याहून जास्त असतील तर पुष्कळ. चट्ट्याची कड विरत जाते की एकदम तुटते, हेही लिहायचं. ही कडेची नोंद नवशिके हमखास विसरतात, आणि पहिल्याच खड्ड्यात ती कामी आली.

पहिला खड्डा: मेलेल्या खुणा

पहिला खड्डा वरकसावर. वरपासून ११० सेंटिमीटरपर्यंत एकसारखी लाल माती, कुठे चट्टा नाही. त्याखाली मऊ जांभा लागला आणि पुतण्या दचकला. थर पाहिला तर लाल, पिवळे, पांढरट डाग एकमेकांत गुंफलेले. आत्ताच समजावून सांगितलेलं सगळं त्यात दिसत होतं: फिकट भाग, गंजाचा भाग. "म्हणजे इथेही पाणी साचतं?" त्याने विचारलं.

काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी अशाच एका थराला मी 'पाणथळ' लिहून मोकळा झालो होतो. पावसाळ्यात त्या जागी गेलो तेव्हा खड्ड्यात पाणी टिकत नव्हतं, आणि मालकाने माझ्या सांगण्यावरून चर खणायला पैसे घातले होते. ती चूक मला अजून बोचते. तेव्हापासून जांभ्यातले डाग मी वेगळ्या कसोटीवर घासतो.

जांभ्याचं मूळ वर्णन फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली मलबारमधला दगड पाहून लिहिलं. तो जमिनीत मऊ असतो, विटेसारखा कापता येतो आणि हवेत कडक होतो, म्हणून विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव पडलं. त्याच्यातले डाग लोहाच्या हालचालीचेच आहेत, पण ती हालचाल फार जुनी, जमिनीचा उतार आणि पाण्याची पातळी आजच्यासारखी नव्हती तेव्हाची. पाणी कधीच गेलं. डाग तेवढे मागे राहिले.

जिवंत खूण आणि मेलेली खूण कशी ओळखायची? कड पाहावी. आज बनत असलेल्या चट्ट्याची कड धूसर असते, नारिंगी हळूहळू तपकिरीत विरत जातं, कारण लोह अजून येतंय, पसरतंय. जुन्या डागाची कड सुरीने आखल्यासारखी असते, आणि लोहाचा खडा असेल तर तो मातीतून अख्खा सुटून हातात येतो. दुसरं, आजच्या मुळांशी आणि छिद्रांशी त्याचं नातं आहे का ते पाहावं. आमच्या खड्ड्यात एका रानझुडपाचं पांढरं, ताजं मूळ त्या रंगीबेरंगी थरातून सरळ खाली गेलं होतं. लाल डागातून, पांढऱ्या डागातून, कशाचीच दखल न घेता. त्याच्याभोवती ना गंज होता, ना करडी रेघ. तिसरं, जागा पाहावी. खड्डा उतारावर, वरचा सगळा थर तांबडा, पाणी अडायला काही नाही. तिन्ही गोष्टी एकच सांगत होत्या. हा थर चांगल्या निचऱ्याचा.

दुसरा खड्डा: खालून चढणारं पाणी

दुसरा खड्डा सगळ्यात वरच्या पायरीवर घेतला. तिथे बरीच वर्षं भात लावलेलं नव्हतं, गवत माजलं होतं. वरची माती तांबूस तपकिरी. ८५ सेंटिमीटरवर पहिला करडा चट्टा दिसला, नखाएवढा, भोवती नारिंगी कडं, कड धूसर. तिथून खाली असे चट्टे साधारण दहा टक्के. एक मीटरच्या खाली उलटी स्थिती: माती बहुतेक करडी आणि तिच्यातून गेलेली मुळांची जुनी छिद्रं आतून नारिंगी.

ते ढेकूळ मोडून मी पुतण्याच्या हातावर ठेवलं. बोरूएवढं एक छिद्र त्यातून गेलं होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला गंजाची नळी तयार झाली होती. भोवतालची माती राखेच्या रंगाची.

पोट करडं आणि छिद्र गंजलेलं, ही भूजल खालून चढत असल्याची खूण. पावसाळ्यात हा थर पूर्ण पाण्याखाली जातो, सगळ्याच मातीतलं लोह विरघळतं. पाऊस ओसरला की पाणी आधी मोठ्या छिद्रांतून उतरतं आणि त्या वाटेने हवा आत येते. विरघळलेलं लोह त्या हवेकडे ओढलं जातं आणि छिद्राच्या भिंतीला चिकटतं.

तिसरा खड्डा: वर अडलेलं पाणी

तिसरा खड्डा काकांनी दाखवलेल्या खाचरात. इथे रंगांचा क्रम उलटा-सुलटा होता. वरची १६ सेंटिमीटर माती करडी आणि भाताच्या मुळांच्या वाटांवर नारिंगी रेघा. त्याखाली आठ सेंटिमीटरचा घट्ट थर. सुरी टोचली तर थांबत होती. त्याखाली, गंमत वाटेल पण, माती पुन्हा तपकिरी. ७० सेंटिमीटरच्या खाली मात्र परत करडी, छिद्रं गंजलेली, दुसऱ्या खड्ड्याच्या तळासारखी.

खालून चढणारं पाणी असतं तर जसजसं खाली जावं तसतसा करडेपणा वाढत जायला हवा होता. मध्येच तपकिरी थर कसा? मी त्या मधल्या थरातलं, ३० सेंटिमीटरवरचं ढेकूळ मोडलं. त्याच्या अंगावर करडी, रेशमी साय होती आणि पोट छान तपकिरी. अंगाच्या जवळच, आतल्या बाजूला, नारिंगी धूसर पट्टा आणि काही काळे मँगनीजचे ठिपके.

म्हणजे दुसऱ्या खड्ड्याच्या बरोबर उलट. तिथे पोट करडं आणि छिद्र गंजलेलं. इथे पोट तपकिरी आणि भेगेची भिंत करडी. पाणी वरून येतं तेव्हा असं होतं. खाचरात साचलेलं पाणी घट्ट थरातल्या भेगांमधून थोडं थोडं झिरपतं. भेगेत पाणी असतं, मेलेली मुळंही असतात, म्हणजे जिवाणूंना खाणंही तिथेच. ऑक्सिजन पहिल्यांदा तिथेच संपतो आणि लोह भेगेच्या भिंतीतून सुटतं. ढेकळाच्या पोटात मात्र अजून हवा अडकलेली असते. लोह तिकडे सरकतं आणि आत जाऊन बसतं.

घट्ट थर कुठून आला? चिखलणीतून. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पायांनी आणि नांगराच्या टाचेने पाण्याखालची माती एकाच खोलीवर दाबली गेली आणि बारीक गाळ तिच्या छिद्रांत बसला. भाताला हे हवंच असतं, नाही तर पाणी टिकणार नाही. भाताचं मूळ अशा जागी जगतं, कारण त्याच्या आत हवेच्या पोकळ्या असतात आणि पानांकडून आलेला ऑक्सिजन ते टोकापर्यंत नेतं. त्यातला काही बाहेर पाझरतो आणि मुळाभोवतीचं लोह गंजून त्याला चिकटतं. वरच्या थरातल्या नारिंगी रेघा त्याच. आंब्याच्या मुळाला ही सोय नाही.

वर्ग ठरवताना

मातीसर्वेक्षणात निचऱ्याचे सात वर्ग मानतात, अतिनिचऱ्यापासून अतिशय वाईट निचऱ्यापर्यंत. शेतकऱ्याला त्यातले मधले चार महत्त्वाचे आणि ते ओळखायला ढोबळ आधार एकच: जिवंत करडे चट्टे किती खोलीवर सुरू होतात. एक मीटरच्या आत नसतील तर निचरा चांगला. अर्धा ते एक मीटरमध्ये सुरू होत असतील तर मध्यम. पाव ते अर्ध्या मीटरमध्ये असतील तर अपुरा. पाव मीटरच्या आतच माती करडी असेल तर वाईट. हे आकडे नियमासारखे वापरू नयेत. जागा, उतार, पाऊस आणि गावकऱ्यांचा अनुभव यांच्याशी ताडूनच वर्ग लिहायचा.

पहिला खड्डा चांगल्या निचऱ्याचा, दुसरा मध्यम, तिसरा वाईट. इथवर सरळ आहे. पण तिसऱ्याबद्दल पुतण्याने योग्य प्रश्न विचारला. "काका, चिखलणी बंद करून तो घट्ट थर फोडला तर?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. थर फोडला आणि बांधाला वाट दिली तर वरचं पाणी जाईल, हे खरं. पण ७० सेंटिमीटरखालचं भूजल तसंच राहील, म्हणजे फार तर मध्यम निचरा मिळेल, तोही बांध, थर आणि चांगलं भाताचं खाचर गमावून. शिवाय त्यानंतर रंगावर विसंबता येणार नाही. पाणी गेलं तरी करडी माती लगेच तांबडी होत नाही. जुन्या निचऱ्याच्या खुणा कित्येक वर्षं राहतात. चर खणलेल्या, पाट फिरवलेल्या, धरणाखाली आलेल्या जमिनीत रंग कालचा आणि पाणी आजचं असू शकतं. तिथे पाणीच मोजावं लागतं.

जुलैत पडताळा

म्हणून आम्ही पाणी मोजायचंही ठरवलं. दुसऱ्या खड्ड्याच्या जागी १२० सेंटिमीटर खोल एक पीव्हीसी पाइप बसवला, फक्त तळाच्या भागात भोकं पाडलेला. खाचरात दोन: एक आखूड, १५ सेंटिमीटरचा, घट्ट थराच्या वरच संपणारा, दुसरा १२० सेंटिमीटरचा. लांब पाइपाभोवती वरून चिकणमाती ठोकून घट्ट केली. तसं केलं नाही तर वरचं पाणी पाइपाच्या कडेने खाली उतरतं आणि दोन वेगळी पाणी एकच वाटतात. पुतण्या मुंबईला परतला. दर रविवारी काकांनी काठी बुडवून ओल मोजली आणि कॅलेंडरवर लिहिली.

ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा आखूड पाइप जूनअखेरपासून भरलेलाच होता. लांब पाइपात पाणी बहुतेक आठवडे जमिनीखाली ७० ते ७५ सेंटिमीटरवर होतं. झडीच्या एका आठवड्यात ५५ पर्यंत चढून पुन्हा उतरलं होतं. वर पाणी, खाली पाणी, मध्ये अजून हवा असलेला थर: एप्रिलमध्ये रंगांनी सांगितलेलं तेच. झडीच्या आठवड्यातल्या ५५ च्या पातळीची मात्र रंगात कुठेच नोंद नव्हती. सात-आठ दिवसांचं पाणी लोहाला हलवायला पुरत नाही. पाणी नेमाने कुठे येऊन थांबतं ते चट्ट्यांवरून कळतं. एखाद्या वर्षी ते जास्तीत जास्त कुठवर चढेल, ते त्यांच्यावरून कळत नाही.

दुसऱ्या पाइपात पाणी ८० च्या आसपास येऊन तीन आठवडे टिकलं होतं. तिथे गिरमिटाने ९५ सेंटिमीटरवरची माती काढली. निळसर करडी, ओलीचिंब. तिच्या ताज्या मोडलेल्या भागावर मी अल्फा-अल्फा डायपिरिडिलच्या द्रावणाचे दोन थेंब टाकले. फेरस लोह असेल तरच ते रंगतं. अर्ध्या मिनिटात थेंब गुलाबी झाले. उरलेलं ढेकूळ बांधावर ठेवून आम्ही चहा घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा त्याचा निळसरपणा उतरून वरचा भाग मळकट तपकिरी झाला होता. हवा लागली आणि लोह परत फेरिक व्हायला लागलं.

काळ्या मातीपुढे

कोकणात हे वाचन जमतं, कारण मातीत लोह भरपूर आहे आणि तांबड्यावर करडं उठून दिसतं. घाटावरच्या काळ्या मातीत हीच नजर फसवते. ती माती कोरडी, निचऱ्याची असली तरी तिचा क्रोमा मुळातच १ किंवा २ असतो. करडा चट्टा असला तरी काळ्यात लपतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन पाणथळ आणि खारवट झालेल्या जमिनी आहेत, आणि त्यांच्यात ठळक चट्टे शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. तिथे खालच्या थरातली हिरवट-करडी झाक, लोह-मँगनीजचे काळे बारीक गोळे, वर फुलणारे क्षार आणि सगळ्यात खात्रीचा म्हणजे पाण्याच्या पातळीचा पाइप, यांवर भिस्त ठेवावी लागते. काळा गोळा मँगनीजचा आहे का हे पाहायला त्यावर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड टाकावं. मँगनीज असेल तर फेस येतो. सेंद्रिय पदार्थानेही थोडा फेस येतो, म्हणून गोळा धुऊन, फोडून आतल्या बाजूवर थेंब टाकावा.

पुढच्या वर्षी कलमं लागली. खाचरात एकही नाही. अठरा वरकसावर, पहिल्या खड्ड्याच्या आसपास, जिथे पहारीने खणावं लागलं. बावीस वरच्या पायरीवर, ४५ सेंटिमीटर उंच केलेल्या मातीच्या ढिगांवर, म्हणजे ८५ सेंटिमीटरवरचं पाणी मुळांना १३० वर पडेल. डोंगराकडून येणारं पाणी अडवायला पायरीच्या वरच्या अंगाला एक चर.

आणि खाचरात काकांनी त्या वर्षीही भातच लावला. कापणीनंतर त्यांनी एक सड मुळासकट उपटून पुतण्याला दाखवला. मुळं तांबूस होती, गंजाने माखलेली. "हे मला माहीत होतं," ते म्हणाले, "आमचे वडील म्हणायचे, मूळ लाल असेल तर भात निरोगी, काळं पडलं तर बघ. कशाने ते आता कळलं." मुळं काळी पडतात ती सल्फेटची पाळी आल्यावर. ऑक्सिजन मुळापर्यंत पोचेनासा होतो आणि लोहाचा सल्फाइड त्यांच्यावर बसतो.